युरिया, युरिक अ‍ॅसिड आणि युरिया–क्रिएटिनिन गुणोत्तर: ऐरोलीतल्या एका लहान लॅबच्या कामाच्या नोंदी

५ मे

आमची लॅब ऐरोलीत, तळमजल्यावर. साखर, क्रिएटिनिन, लिपिड आणि लिव्हरच्या चाचण्या इथेच होतात. युरिया आणि युरिक अ‍ॅसिड मात्र आजवर संध्याकाळी पिकअपच्या मुलाबरोबर मोठ्या लॅबला जायचं आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा. आसपासच्या डॉक्टरांना किडनीचे दोन्ही आकडे त्याच दिवशी हवे असतात, शिवाय आता दोघातिघांनी युरिया–क्रिएटिनिन गुणोत्तरही मागितलंय. म्हणून दोन्ही चाचण्या आतच लावायचं ठरलं. मशीन जुनंच आहे, ३७ अंशांच्या फ्लो सेलचं सेमी-ऑटो. रिएजंटचा खर्च दोन्ही चाचण्यांमागे मिळून दहा-बारा रुपये पडेल असा अंदाज आहे, स्टँडर्ड आणि कंट्रोल वेगळे. असंच मशीन असलेल्या लॅबना उपयोग व्हावा म्हणून हे लिहून ठेवतेय.

महिनाभर प्रत्येक नमुना इथे लावायचा आणि मोठ्या लॅबलाही पाठवायचा, असं पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सांगितलंय. खर्च दुप्पट होईल. पण आपला आकडा ताडून बघायचा दुसरा मार्ग आमच्याकडे नाही.

९ मे

युरियापासून सुरुवात केली. किटमध्ये दोन बाटल्या येतात, चारास एक या प्रमाणात मिसळायच्या. युरियेज युरिया फोडून अमोनिया तयार करतं. तो अमोनिया जीएलडीएच नावाचं दुसरं एन्झाइम वापरतं आणि त्यात एनएडीएच खर्च होतं. एनएडीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, त्यामुळे युरिया जितका जास्त तितकं ते वाचन वेगाने खाली येतं. एक हजार मायक्रोलिटर रिएजंटमध्ये दहा मायक्रोलिटर सीरम टाकायचं, तीस सेकंदांनी पहिलं वाचन घ्यायचं आणि त्यानंतर साठ सेकंदांनी दुसरं. दोन्हींतला फरक स्टँडर्डच्या फरकाशी ताडायचा. मशीनवर मोड `FIXED TIME`.

पहिल्याच दिवशी आकडे विस्कटले. एकच कंट्रोल चार ट्यूबमध्ये लावलं तर ४१, ३१, २४, १८ असं उतरत आलं. पिपेटवर संशय घेऊन ती तपासली, ती ठीक होती. घोळ हाताला लागलेल्या सवयीत होता. साखर लावताना आम्ही सगळ्या ट्यूबमध्ये रिएजंट आणि नमुना टाकून रांग लावतो, दहा मिनिटं थांबतो आणि एकामागून एक वाचतो. तिथे ते चालतं, कारण रंग पूर्ण उमटल्यावर वाचायचं असतं. युरियात आपण वेग मोजत असतो. चौथ्या ट्यूबची पाळी येईपर्यंत तिच्यातली अभिक्रिया सहा मिनिटं चाललेली होती, बराच युरिया संपून गेला होता आणि वेग मंदावला होता.

आता रिएजंट सगळ्या ट्यूबमध्ये भरून ३७ अंशांवर ठेवतो. नमुना एकाच ट्यूबमध्ये टाकायचा, हलवायचा, लगेच मशीनला द्यायचा आणि तो वाचून होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. एका नमुन्याला जवळपास दोन मिनिटं जातात. सकाळच्या गर्दीत जीव खाली-वर होतो, पण सेमी-ऑटोवर याला सुटका नाही. त्यानंतर तेच कंट्रोल ४१, ४०, ४२, ४१ आलं.

१७ मे

डायलिसिसवर असलेल्या एका पेशंटचा नमुना आला. क्रिएटिनिन ९.८, युरिया १६७. दोन्ही वाढलेले, त्यामुळे वरवर काही खटकत नव्हतं. मोठ्या लॅबचा आकडा आला तो २८८.

सीरम थोडं शिल्लक होतं. मशीनवर नुसता निकाल न बघता दोन्ही वाचनं बघितली. पहिलं ०.५१, दुसरं ०.०६. म्हणजे दुसऱ्या वाचनापर्यंत ट्यूबमधलं एनएडीएच जवळजवळ संपलंच होतं. संपल्यावर वाचन आणखी खाली जाणार कुठे? फरक लहान पडला आणि मशीनने त्याचा युरियाही लहान काढला. सीरमच्या एका भागात चार भाग सलाइन घालून पुन्हा लावलं तर ५८ आलं. पाचाने गुणून २९०.

किटवर मात्र ३०० पर्यंत सरळ रेषेत चालतं असं लिहिलंय, मग २९० ला का अडलं? रिएजंटचं स्वतःचं वाचन घेतल्यावर उत्तर मिळालं. नव्याने मिसळलेलं रिएजंट पाण्याच्या तुलनेत १.४ च्या आसपास वाचतं. हे ०.९ वाचत होतं. मिसळलेली बाटली सकाळपासून टेबलावर होती, मे महिना, आणि दुपारी दोन तास वीज नव्हती. एनएडीएच उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही. साधारण नमुन्यांना याचा फटका बसत नाही, कारण त्यांना थोडंच एनएडीएच लागतं आणि स्टँडर्डही त्याच रिएजंटवर लावलेलं असतं. कंट्रोलही बिनबोभाट पास होतं. फसतो तो नेमका सर्वात आजारी पेशंटचा नमुना.

उरलेलं चाळीसेक मिलिलिटर रिएजंट ओतून दिलं. आता एका वेळी दहा मिलिलिटरच मिसळतो आणि बाटली बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवतो. रोज सकाळी पहिलं काम रिएजंटचं वाचन. १.० च्या खाली आलं की ते वापरायचं नाही. मशीनच्या प्रोग्रॅममध्ये ही खालची मर्यादा टाकायची सोय होती, ती आजवर रिकामीच होती. आणि क्रिएटिनिन ५ च्या वर असलं की युरिया विरल करूनही लावायचाच, पहिला आकडा कितीही पटण्यासारखा असला तरी.

या नमुन्याचं गुणोत्तर दोन्ही आकड्यांवरून काढून बघितलं. १६७ धरला तर ८ येतं, २९० धरला तर जवळपास १४. आठचं गुणोत्तर बघून डॉक्टरांना वाटलं असतं की पेशंट प्रोटीन फारच कमी खातोय, आणि आहार बदलला गेला असता. हे गणित कसं केलं ते पुढच्या नोंदीत, कारण त्यात वेगळाच गोंधळ निघाला.

२४ मे

घणसोलीच्या एका डॉक्टरांचा फोन: “ताई, तुमच्याकडचा प्रत्येक पेशंट डिहायड्रेटेड कसा? सगळ्यांचं गुणोत्तर वर दाखवताय.”

दिवसभराचे रिपोर्ट काढले. खरंच, जवळजवळ सगळ्यांपुढे `H` छापलेला. पस्तिशीची एक धडधाकट बाई, वार्षिक तपासणीला आलेली. युरिया २८, क्रिएटिनिन ०.८, गुणोत्तर ३५, समोर मर्यादा १० ते २०.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गुणोत्तराचं सूत्र कोणीतरी युरिया भागिले क्रिएटिनिन असं टाकलं होतं आणि मर्यादा मात्र बीयूएनची दिली होती. बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. अमेरिकन पुस्तकांत सगळीकडे बीयूएन असतं आणि १० ते २० ही मर्यादा तिथूनच आलेली आहे. आपल्याकडे रिपोर्टवर बहुतेक ठिकाणी अख्खा युरिया छापतात. युरियाच्या रेणूचं वजन ६०, त्यात नायट्रोजनचे दोन अणू, त्यांचं मिळून वजन २८. म्हणून युरियाला ०.४६७ ने गुणलं की बीयूएन मिळतं. त्या बाईंचं बीयूएन १३.१, ते ०.८ ने भागलं की १६. काही झालेलं नाही.

सूत्र असं दुरुस्त केलं:

```
बीयूएन = युरिया × ०.४६७
गुणोत्तर = बीयूएन ÷ क्रिएटिनिन
```

दोन्ही आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्येच हवेत. अख्ख्या युरियावरून गुणोत्तर काढणाऱ्यांनी २० ऐवजी साधारण ४३ ही रेघ धरावी, गोष्ट तीच आहे. परदेशातून आलेल्या एका पेशंटच्या जुन्या रिपोर्टवर मिलिमोलमध्ये काढलेलं गुणोत्तर होतं. तिथे बीयूएनचं २० म्हणजे सुमारे ८१ होतं. तीन पद्धती, तीन रेघा, आणि कागदावर तिन्हींना गुणोत्तरच म्हणतात. आम्ही आता रिपोर्टवर युरिया, बीयूएन आणि गुणोत्तर तिन्ही छापतो आणि गुणोत्तरापुढे ‘बीयूएनवरून’ असं लिहितो.

आधी गेलेल्या रिपोर्टचे दुरुस्त कागद सगळ्या डॉक्टरांना पाठवले. त्यात एक अख्खा दिवस गेला.

१२ जून

हा नमुना तपशिलात लिहितेय, कारण या सगळ्या कामातला महत्त्वाचा धडा त्यात आहे.

सेक्टरमधले एक आजोबा, वय ७१, मधुमेह. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, आणि आठ-दहा दिवस गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. चक्कर येते म्हणून दवाखान्यात गेले. होम कलेक्शनच्या मुलाने घरी जाऊन रक्त घेतलं. शीर सापडत नव्हती. यलो ट्यूब कशीबशी भरली, ग्रे ट्यूब निम्मीच.

लॅबच्या कामातली जुनी रीत अशी की साखर आणि युरिया दोन्ही ग्रे ट्यूबच्या प्लाझ्मावर लावायचे. ग्रे ट्यूबला गोठायची वाट बघावी लागत नाही, लगेच फिरवता येते, आणि ‘शुगर-युरिया’ ही जोडी पूर्वीपासून एकाच ट्यूबमधून होत आलेली. क्रिएटिनिन यलोच्या सीरमवर. निकाल आले: युरिया ५३, क्रिएटिनिन १.३, बीयूएन २४.८, गुणोत्तर १९. वय, मधुमेह, किंचित वाढलेलं क्रिएटिनिन, त्याला साजेसा युरिया आणि मर्यादेतलं गुणोत्तर. कंट्रोल सकाळी पास होतं, रिएजंट १.४ वाचत होतं. मी रिपोर्ट मॅडमच्या सहीसाठी ठेवला.

मॅडमनी सही केली नाही. हिमोग्लोबिन ८.९ होतं, आणि आमच्याच लॅबचा चार महिन्यांपूर्वीचा आकडा १२.६. त्यांनी डॉक्टरांना फोन करून शौचाचा रंग विचारायला सांगितला. डॉक्टरांनी घरी विचारलं, तर आजी म्हणाल्या की तीन दिवस काळी, डांबरासारखी होतेय, पण लोहाच्या गोळीमुळे असेल असं वाटलं.

“असं असेल तर युरिया एवढाच कसा?” मॅडमचा प्रश्न. पोटात वरच्या भागात रक्तस्राव झाला की ते रक्त आतड्यात पचतं. रक्त म्हणजे प्रोटीनच. त्याचा नायट्रोजन लिव्हरमध्ये जाऊन युरिया होतो. शिवाय शरीरातलं रक्त कमी झालं की किडनी पाणी धरून ठेवते आणि पाण्याबरोबर युरियाही परत आत ओढते. क्रिएटिनिन असं परत ओढलं जात नाही. म्हणून अशा पेशंटचा युरिया क्रिएटिनिनच्या मानाने खूप पुढे जातो आणि गुणोत्तर ३० च्या वर दिसलं तर नवल नाही. इथे १९.

त्यांनी विचारलं, “कुठल्या ट्यूबवर लावलास?”

यलोच्या सीरमवर पुन्हा लावलं. युरिया ८८. बीयूएन ४१.१, गुणोत्तर जवळपास ३२. तोच माणूस, तीच शीर, तीच वेळ, फक्त ट्यूब वेगळी.

डॉक्टरांना लगेच कळवलं आणि आजोबांना त्याच संध्याकाळी दाखल केलं. नंतर समजलं की दुर्बिणीतून बघितल्यावर ड्युओडेनममध्ये अल्सर मिळाला, आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

त्यांचं युरिक अ‍ॅसिडही ८.१ होतं. संधिवाताच्या दिशेने जाण्याआधी हे ध्यानात घ्यावं की शरीरात पाणी-रक्त कमी झालं की किडनी युरिक अ‍ॅसिडही धरून ठेवते, आणि रोजची कमी डोसची अ‍ॅस्पिरिन त्यात भर घालते. रिपोर्टखाली मॅडमनी ‘प्रकृती स्थिरावल्यावर पुन्हा तपासावे’ एवढंच लिहिलं.

१४ जून

ग्रे ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड असतं. रक्तातल्या पेशींनी साखर खाऊ नये म्हणून ते घातलेलं असतं आणि त्या कामात ते चोख आहे. पण युरियेजच्या गाभ्यात निकेल आहे आणि फ्लोराइड नेमकं तिथे जाऊन बसतं. एन्झाइम अडतं, अमोनिया कमी तयार होतो, युरिया कमी दिसतो. किटच्या पत्रकात बारीक अक्षरांत ‘फ्लोराइड वापरू नये’ असं एक वाक्य होतंच.

आमच्या किटवर किती फरक पडतो ते बघायला दोन नमुने घेतले. एक माझं स्वतःचं रक्त, एक वाढलेल्या युरियाच्या पेशंटचं, त्यांची परवानगी घेऊन. दोन्ही तीन ट्यूबमध्ये: साधी रेड, खुणेपर्यंत भरलेली ग्रे, आणि अर्धीच भरलेली ग्रे. मला मिळालेला युरिया असा:

माझं रक्त: रेड २४, भरलेली ग्रे १९, अर्धी ग्रे १५.
पेशंटचं रक्त: रेड ९२, भरलेली ग्रे ७१, अर्धी ग्रे ५५.

भरलेल्या ट्यूबमध्ये पाचवा हिस्सा गायब, अर्ध्या भरलेल्या ट्यूबमध्ये जवळपास चाळीस टक्के. ट्यूबमधलं फ्लोराइड ठरलेलं असतं, रक्त निम्मं घेतलं की त्याचं प्रमाण दुप्पट होतं. म्हणून हा फटका एका ठरावीक आकड्याने गुणून दुरुस्तही करता येत नाही. ज्यांची शीर मिळत नाही, ज्यांच्या अंगात पाणी कमी आहे, त्यांचीच ट्यूब अर्धी राहते, आणि युरिया खरा कळायची गरजही त्यांनाच जास्त. हे टक्के आमच्या किटचे आणि आमच्या वाचनाच्या वेळेचे आहेत. किटमध्ये युरियेज किती घातलंय आणि ते फ्लोराइडबरोबर किती वेळ राहतं यावर ते बदलतील. दुसऱ्या किटवर काम करणाऱ्याने स्वतःच्या दोन ट्यूब लावून बघाव्यात. एक सकाळ आणि सहा चाचण्यांचं रिएजंट, एवढाच खर्च आहे.

कंट्रोलने हे का पकडलं नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता. कंट्रोल हे तयार सीरम असतं, त्याने ग्रे ट्यूब कधी पाहिलेलीच नसते. मोठ्या लॅबशी तुलनाही निसटली, कारण तिकडे पाठवायचा नमुना आम्ही यलोतून काढत होतो आणि इकडे ग्रेवर लावत होतो. वहीत मागे जाऊन बघितलं तर आमचे आकडे बहुतेक वेळा थोडे कमीच होते. पाच-सहाचा फरक आम्ही मशीनमशीनचा म्हणून सोडून दिला होता. दोन लॅबमधला फरक कधी वर कधी खाली असेल तर तो मशीनचा म्हणता येईल. कायम एकाच बाजूला पडला की कारण शोधायलाच हवं.

‘शुगर-युरिया’ची जोडी मोडली. युरिया फक्त यलो किंवा रेडवर. आमच्याकडे सर्वांत जुने असलेले टेक्निशियन काका नाराज होते, वीस वर्षं असंच करतोय म्हणाले. त्यांच्यासमोर त्यांच्याच रक्ताच्या दोन ट्यूब लावल्या: २९ आणि २३. त्यानंतर ग्रे ट्यूबच्या रॅकवर ‘फक्त शुगर’ अशी चिठ्ठी त्यांनीच चिकटवली.

हेपॅरिनची ट्यूब आली तर आणखी एक बघायचं: ती लिथियमची हवी. अमोनियम हेपॅरिन असेल तर ट्यूबमधूनच अमोनिया येतो आणि युरिया उलट जास्त दिसतो.

२६ जून

रबाळ्याहून एक आजी, वय ८३, वजन चाळीस किलोच्या आत. युरिया २६, क्रिएटिनिन ०.४, गुणोत्तर ३०. नातू रिपोर्ट हातात घेऊन काऊंटरवर: “रक्तस्राव आहे का?”

ट्यूब यलो, रिएजंट ठीक, पुन्हा लावलं तरी तेच. इथे युरिया साधाच आहे, क्रिएटिनिन लहान आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं आणि आजींच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत. छेद लहान असला की गुणोत्तर फुगतं. शिवाय ०.४ आणि ०.५ मध्ये आमची जाफे पद्धत ठामपणे फरक करू शकत नाही. ०.५ धरलं तर तेच गुणोत्तर २४ होतं. मॅडमनी नातवाला बसवून समजावलं, हिमोग्लोबिन जुन्या रिपोर्टशी ताडून दाखवलं, त्यात काही फरक नव्हता.

तेव्हापासून क्रिएटिनिन ०.६ च्या खाली असेल तर आम्ही गुणोत्तर छापतच नाही. ही रेघ आमच्या लॅबची, मॅडमनी ठरवलेली.

उलट्या बाजूचंही मॅडमनी त्याच दिवशी सांगितलं. गुणोत्तर १० ते २० मध्ये आहे म्हणजे किडनी ठीक, असं कोणी वाचू नये. युरिया २१४ आणि क्रिएटिनिन १० असलेल्या माणसाचं गुणोत्तरही १०च येतं. दोन्ही आकडे मुळात वाढलेत का हे आधी बघायचं. गुणोत्तराचा उपयोग त्यानंतर: वाढलेल्यांपैकी युरिया एकटाच पुढे पळालाय की दोघं बरोबर चाललेत, हे कळायला. एकटाच पुढे असेल तर पाणी कमी, पोटातला रक्तस्राव, स्टेरॉइडच्या गोळ्या अशी कारणं बघतात. गुणोत्तर दहाच्या खाली असेल तर कमी प्रोटीनचा आहार, लिव्हरचा आजार, किंवा स्नायूंना मोठी इजा होऊन क्रिएटिनिनच वाढलेलं असणं.

१० जुलै

युरिक अ‍ॅसिड आतापर्यंत सुरळीत चाललं होतं. इथे युरिकेज युरिक अ‍ॅसिडचं अ‍ॅलँटॉइन करतं आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मग पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडपासून गुलाबी रंग बनवतं. पाच मिनिटं ३७ अंशांवर ठेवायचं आणि रंग पूर्ण उमटल्यावर वाचायचं, म्हणून इथे साखरेसारखी रांग लावता येते.

आज वाशीहून एक तिशीची मुलगी आली होती, लग्नाआधीची पूर्ण तपासणी. युरिक अ‍ॅसिड १.१. इतकं कमी सहसा दिसत नाही. ट्यूब हातात घेऊन बघितली तर रंग जवळजवळ नाहीच, पाण्यात कुंकवाचा कण पडावा इतका. बाजूच्या ट्यूब छान गुलाबी. रिएजंट टाकायचं राहिलं असेल म्हणून पुन्हा लावलं. पुन्हा १.२.

मग तिचा बाकीचा रिपोर्ट बघितला. कोलेस्टेरॉल ७४, ट्रायग्लिसराइड २२, साखर ५१, आणि मुलगी समोर बसून आरामात फोनवर बोलतेय. युरिया २२, एसजीपीटी १९, ते अगदी नेहमीसारखे. जे आकडे पडले होते त्या सगळ्या चाचण्यांचा शेवटचा टप्पा एकच आहे, पेरॉक्साइडपासून रंग. युरिया आणि एसजीपीटी ३४० वर एनएडीएचने मोजतो, तिथे पेरॉक्साइडचा संबंध नाही. चार वेगळ्या किट एकाच वेळी खराब होणं शक्य नव्हतं, आणि त्याच किटवर बाकीच्या पेशंटचे आकडे बरोबर होते. नमुन्यातच पेरॉक्साइड खाणारं काहीतरी होतं.

विचारल्यावर तिने सांगितलं, सकाळी एका ब्युटी क्लिनिकमध्ये त्वचा उजळायची ड्रिप घेऊन ती थेट इकडे आली होती. अशा ड्रिपमध्ये ग्लुटाथायोनबरोबर व्हिटॅमिन सी असतं, शिरेतून, ग्रॅमच्या हिशेबात. व्हिटॅमिन सी पेरॉक्साइडला रंग व्हायच्या आधीच संपवतं. काही किटमध्ये ते आधी काढून टाकणारं अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज घातलेलं असतं, आमच्याही किटवर तसं लिहिलंय. पण ते जेवणातल्या आणि गोळ्यांतल्या व्हिटॅमिन सीला पुरतं. ड्रिपनंतर रक्तातलं प्रमाण इतकं चढतं की ते अपुरं पडतं.

चारही आकडे रोखून ठेवले आणि तिला दोन दिवसांनी उपाशीपोटी बोलावलं.

१२ जुलै

युरिक अ‍ॅसिड ४.७, कोलेस्टेरॉल १६८, ट्रायग्लिसराइड ९५, साखर ८८. युरिया २३, म्हणजे परवाचाच. दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत.

या मुलीला काही आजार नव्हता म्हणून निभावलं. हाच नमुना गाउटच्या पेशंटचा असता, युरिक अ‍ॅसिड ९ ऐवजी ५ आलं असतं, तर आकडा इतका सर्वसाधारण दिसला असता की कोणी ट्यूबकडे पुन्हा बघितलंही नसतं. म्हणून फॉर्मवर एक ओळ वाढवली: ‘गेल्या दोन दिवसांत सलाइन किंवा ड्रिप घेतली का? कशाची?’ मॅडमनी तिथे आणखी एका औषधासाठी जागा ठेवायला सांगितली. कॅन्सरच्या काही पेशंटना युरिक अ‍ॅसिड झपाट्याने उतरवायला रासब्युरिकेज देतात. ते स्वतःच युरिकेज आहे, आणि रक्त काढल्यावर ट्यूबमध्येही आपलं काम करत राहतं. तो नमुना आधीच गार केलेल्या हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये घ्यावा लागतो, बर्फात आणावा लागतो आणि चार तासांच्या आत लावावा लागतो. होम कलेक्शनला हे जमणार नाही. असा पेशंट आला तर त्याचं रक्त त्याच्या हॉस्पिटलमध्येच तपासावं, असं काऊंटरला सांगून ठेवलंय.

२१ जुलै

युरियाच्या किटचा नवा लॉट आला. रिएजंटचं वाचन १.५, कंट्रोल ठीक, विरल करून घेतलेला डायलिसिसचा नमुना मोठ्या लॅबशी जुळला. ग्रे ट्यूबची तुलना या लॉटवर पुन्हा करायची आहे. होम कलेक्शनचा नवा मुलगा सोमवारी येतोय, तेव्हा त्याच्याच रक्ताच्या ट्यूब त्याच्यासमोर लावू.